‘पासून’ आलं की सिन्स, हा नियम चुकीचा आहे

“वाक्यात हॅव बीन किंवा हॅज बीन दिसलं आणि मराठीत अर्थ ‘पासून’ निघाला, की डोळे झाकून सिन्स टाका. फॉर फक्त साध्या भूतकाळात येतो.”

तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. इकडे खेड्यातल्या अभ्यासिकेत मुलं तो वहीत उतरवून घेतात आणि हातचा मार्क घालवतात, म्हणून हे लिहायला बसलो.

सिन्स की फॉर, हे हॅज बीन ठरवत नाही. पुढे काय आलंय ते पाहायचं. काम सुरू झालं ती वेळ दिली असेल तर सिन्स, किती वेळ चाललंय ते दिलं असेल तर फॉर. ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स फोर ओक्लॉक’ बरोबर आणि ‘इट हॅज बीन रेनिंग फॉर फोर अवर्स’ हेही बरोबर. दोन्हीकडे काळ एकच, आकडाही चारच.

खरा घोळ ‘पासून’चा आहे. आपण “चार वाजल्यापासून पाणी सुरू आहे” म्हणतो, तसंच “चार घंट्यांपासून पाणी सुरू आहे” असंही म्हणतो. हिंदीतही दोन्हीकडे ‘से’च लागतो. इंग्रजीत मात्र शब्द वेगळे. अशा वेळी मी मुलांना ‘पासून’ काढून आधी ‘गेले’ लावायला सांगतो. “मजूर तीन हप्त्यांपासून कापूस वेचत आहेत” याचं “गेले तीन हप्ते मजूर कापूस वेचत आहेत” सहज होतं, म्हणून फॉर थ्री वीक्स. “दसऱ्यापासून वेचत आहेत” याला ‘गेले’ लावून पाहा, वाक्यच बनत नाही. तिथे सिन्स दसरा. आकडा नसला तरी हे चालतं: बऱ्याच दिवसांपासून म्हणजे गेले बरेच दिवस, म्हणून फॉर मेनी डेज. लहानपणापासून मात्र सिन्स चाइल्डहूड.

सगळ्यात जास्त पोरं ‘लास्ट’वर अडकतात. ‘सिन्स लास्ट इयर’ बरोबर, कारण गेलं वर्ष ही सुरुवात आहे. ‘सिन्स द लास्ट थ्री इयर्स’ चूक, कारण तीन वर्षं हा कालावधी आहे. तिथे ‘फॉर द लास्ट थ्री इयर्स’ हवं. हे चुकीचं रूप आपल्याकडे सर्रास बोललं जातं, ऐकणाऱ्याला कळतंही. पण चूक ओळखा म्हटल्यावर तिथेच बोट ठेवायचं असतं.

आता फॉर आणि साधा भूतकाळ. ‘ही वर्क्ड इन वरुड फॉर टू इयर्स’ म्हणजे त्याचं वरुडातलं काम संपलं. ‘ही हॅज बीन वर्किंग इन वरुड फॉर टू इयर्स’ म्हणजे तो अजून तिथेच आहे. फॉर दोन्हीकडे तोच, फरक क्रियापदाचा. आणि हॅज बीन काढून ‘ही इज वर्किंग इन वरुड फॉर टू इयर्स’ लिहिलं, तर तो दोन वर्षांसाठी तिथे आहे असा तिसराच अर्थ निघतो.