आठ इंचांची गादी आणि दोन इंचांची अब्रू

कंबर धरली म्हणून आम्ही आठ इंची गादी घेतली. कंबर सुटली, चादर सुटायची काही थांबेना.

रात्री झोपताना चादर चारी कोपऱ्यांत खोचलेली. पहाटे उठावं तर तिची वळकटी होऊन माझ्या पाठीखाली, आणि मी उघड्या गादीवर. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही झोपता का कुस्ती खेळता?" खासबाग मैदान जवळ असलं तरी घरात असले टोमणे कशाला?

मी दोष चादरीला दिला. कापसाच्या जुन्या गादीवर ह्याच चादरी वर्षानुवर्षं गप पडून होत्या. आता धुऊन धुऊन आटल्या असणार. नवी घ्यायची तर शास्त्रशुद्ध घ्यावी, म्हणून टेप काढली. गादी 78 इंच लांब, 72 रुंद, जाडी 8. लाइट बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला: 72 मध्ये जाडी 8 मिळवली, खोचायला 6, झाले 86. तसेच 78 मध्ये 8 आणि 6, झाले 92. म्हणजे 90 बाय 100 ची चादर घेतली तर वर कापड उरतंयच की! महाद्वार रोडला जाऊन ऐटीत तसलीच नवी चादर घेऊन आलो.

पहाटे पुन्हा वळकटी.

मग डोकं चालवलं. चादर आडवी फिरवली. रुंदीला आता 100 इंच आले आणि दोन्ही बाजूंना कापड असं झक्क खोचलं गेलं की मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती पायथ्याशी उभी होती. तिथं गादीची कड चार इंच उघडी पडली होती. "बाजू झाकल्या, पाय उघडे. तुमच्या लुंगीसारखंच झालं की," एवढं बोलून ती आमटीला फोडणी द्यायला गेली.

शेवटी लाइट बिल घेऊन मंगळवार पेठेतल्या आमच्या टेलर मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, माझा हिशेब वाचला आणि विचारलं, "साहेब, गादीला एकच बाजू हाय व्हय?"

"म्हणजे?"

"चादर डावीकडनं खाली उतरती, तशी उजवीकडनं पण उतरती. जाडी दोनदा धरायची. खोच पण दोनदा."

मास्तरांनी खडूनं टेबलावरच मांडलं. 72, त्यात जाडीचे दोनदा 8 म्हणजे 16, आणि खोचीचे दोनदा 6 म्हणजे 12. बेरीज 100. लांबीला 78, 16 आणि 12 मिळून 106. मी आणलेल्या चादरीत 90 मधून 72 आणि 16 वजा केले तर उरतात 2. म्हणजे एका बाजूला एक इंच! एवढ्याशा कापडावर गादीचं वजन काय पडणार? मी कूस बदलली की ते माझ्याबरोबर यायचं. सहा इंच आत गेलं तर गादीच त्याच्यावर बसते आणि सोडत नाही.

जुन्या गादीचं कोडंही तिथंच सुटलं. ती चार इंची. 90 मधून 72 आणि 8 गेले तरी 10 उरायचे, दोन्हीकडं पाच-पाच. चादर आटली नव्हती, गादी फुगली होती. मी उगीच दहा दिवस साबणाला शिव्या घातल्या.

"आता तरी 106 बाय 100 च शिवा," मी घाईनं म्हणालो. मास्तर हसले. "आणि पहिल्या धुण्यात आटल्यावर परत माझ्याकडंच येणार न्हवं?" सुती कापड शंभराला चार-पाच इंच तरी आटतंय, असा त्यांचा हिशेब. म्हणून 108 इंच पन्ह्याचं इचलकरंजीचं कापड तीन मीटर घेतलं. तीन मीटर म्हणजे 118 इंच. दोन्ही टोकांच्या दुमडीत 2 गेले, आटण्यात पाच गेले, तरी 111 राहिले. पन्हा आटून 103 वर आला तरी आपल्याला 100 च पाहिजेत. पन्ह्याच्या बाजूला किनार असते, तिथं दुमडायचं काम नाही.

चेनवाली खोळ पण शिवायची होती. तिथं मी शहाणपणानं म्हणालो, "खोच धरा हं मास्तर!" त्यांनी चष्मा परत कपाळावर ढकलला. खोळ गादीला सगळीकडनं गुंडाळते, तिच्यात खोचायचं काय? गादीचंच माप आणि शिलाईपुरता दाब, बास. मी गप्प बसून चहा प्यालो.

आता चादर हलत नाही. मीही या विषयातला जाणकार झालोय. परवा मेहुण्याचा फोन आला. "दाजी, दहा इंची गादी घेतली! लांबी-रुंदी तुमच्यासारखीच. आणि चादर तुमच्यापेक्षा मोठी, 108 बाय 108, सुती. काय बसलीय म्हणता!"

मी लाइट बिल उलटं केलं. 78, दोनदा 10, दोनदा 6. एकशेदहा. 108 ची चादर आज लांबीला दोन्हीकडं पाच-पाच इंच खोचली जात असणार, म्हणून टिकलीय. आटून 103 वर आली की अडीच-अडीचच उरतील.

"छान," मी म्हणालो. "फक्त धुवू नका."