आहेराची पाकिटं

मी रंगारी. कामाचे वार माझ्या हातात नसतात. रोज सकाळी आठला भांडुपच्या नाक्यावर ब्रश घेऊन उभं राहायचं. कोणी नेलं तर हजार रुपये हजेरी, नाही नेलं तर खाडा. महिन्याची कमाई किती असं कोणी विचारलं तर मी आभाळाकडे बघतो. लोकांना वाटतं, माणूस भाविक आहे.

पूर्वी आमचा हिशोब सोपा होता. पैसे आले की मटण, नाही आले की वाण्याकडे वही. मग एका जुलैत वहीच जाड झाली आणि बायकोने कारभार हाती घेतला. तिने लग्नात देतात ती आहेराची पाकिटं आणली, वर एक रुपया चिकटवलेली. म्हणाली, "निदान ही कधी पूर्ण रिकामी तरी होणार नाहीत."

तिचा पहिला नियम मला अजून बोचतो. हजेरीचे पैसे पाकिटात थेट जायचे नाहीत. रोजची कमाई आधी पत्र्याच्या डब्यात. शनिवारी डबा उघडायचा आणि घराला ठरलेला पगार द्यायचा, बेचाळीसशे. भाडं पंधराशे, किराणा सोळाशे, गॅस आणि लाइट चारशे, पोरीची शिकवणी तीनशे, पास आणि माझा चहा मिळून तीनशे, उरलेलं शंभर "काहीतरी होतंच" या नावाने. आठवडा सहा हजेऱ्यांचा असो नाहीतर दोन, पगार तेवढाच. जास्तीचे बँकेत, कमी पडलं तर बँकेतून.

"म्हणजे मी कमावतो आणि तूच मला पगार देतेस?"

"अहो, तुमच्या ठेकेदारापेक्षा वेळेवर देते."

गेल्या जूनचंच घ्या. पहिल्या आठवड्यात सहा हजेऱ्या, अठराशे बँकेत. दुसऱ्यात पाच, आठशे. मी मनात नवीन मोबाइल घेऊन टाकला. तिसऱ्या आठवड्यात पाऊस असा लागला की परांचीवर चढायची सोय नव्हती. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, आत पुट्टी वाळत नाही. हजेऱ्या दोन. बँकेतून बावीसशे काढावे लागले. चौथ्यात चार हजेऱ्या, आणखी दोनशे काढले. महिनाअखेर शिल्लक दोनशे रुपये. मोबाइल मनातच राहिला, पण वाण्याची वही उघडली नाही आणि मुकादमाकडे उचल मागितली नाही. उचल घेतली की पुढची हजेरी तो सांगेल त्या भावात भरावी लागते, हे नाक्यावर सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी सगळे घेतात.

बँकेत किती असावेत, यावर बायकोने जुनं कॅलेंडर काढलं. त्यावर तिने माझे खाडे फुल्यांनी मांडले होते. (लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्याबद्दल एवढं लेखी कोणी ठेवलं नसेल.) सगळ्यात वाईट सलग दोन आठवडे बघितले तर हजेऱ्या तीन. दोन पगारांचे चौऱ्याऐंशीशे, त्यातून तीन हजार वजा, म्हणजे चोपन्नशे. तेवढे साठेपर्यंत मोबाइलचं नाव काढायचं नाही. गणपती ते दिवाळी हा आमचा हंगाम, तेव्हा ते भरतात. पाच शनिवारांचा महिना आला की घरभाड्याचा पाचवा हप्ता थेट बँकेत, कारण मालकाला सहा हजारच द्यायचे असतात. मला हे कळायला दोन महिने लागले. तोवर पाचव्या शनिवारचे पंधराशे मला बोनस वाटायचे.

बँकेचं खातं साधं, किमान शिल्लक लागत नाही असं. पैसे महिन्याला चार वेळा फुकट काढता येतात, म्हणून शनिवारी एकदाच काढतो. त्या खात्याला मोबाइलवरून पैसे द्यायची सोय मुद्दाम जोडली नाही. जोडली असती तर चोपन्नशे रुपये वडापाव वडापाव करत गेले असते. कार्ड बायकोच्या साडीच्या घडीत असतं. कुठल्या साडीच्या, हे रोज बदलतं.

खरं संकट पाकिटांतच असतं. बुधवारी चहाचं पाकीट संपलं की हात आपोआप शिकवणीकडे जातो. त्यासाठी चिठ्ठीचा नियम आहे: कुठून किती घेतले ते लिहून त्याच पाकिटात टाकायचं. एका शनिवारी शिकवणीच्या पाकिटात तीन चिठ्ठ्या निघाल्या, तिन्ही शंभर-शंभरच्या, सगळ्या माझ्या अक्षरात. चौथी पोरीच्या अक्षरात होती: "बाबा, रुपयाला हात लावू नका."

चिकटवलेलं नाणं मी आदल्याच दिवशी नखाने काढलं होतं. कटिंग दहाला झाला होता आणि खिशात नऊच होते.