‘१३ तारखेपर्यंत रजेवर’ म्हणजे १३ला भेटणार की नाही?

‘मी सध्या कार्यालयात उपलब्ध नाही. परत आल्यावर आपल्या मेलला उत्तर देईन. तातडीचं काम असल्यास माझ्या सहकाऱ्यांशी संपर्क साधावा. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.’

कसलं सहकार्य? चार वाक्यं खर्ची घातली आणि कामाची माहिती शून्य. तुम्ही जागेवर नाही, हे असलं आपोआप उत्तर आलं त्याच क्षणी कळलं. परत कधी येणार? लिहिलेलं नाही. सहकारी कोण? तेही नाही. चाळीस माणसांच्या विभागात आता मेल पाठवणाऱ्याने दारोदार फिरून विचारायचं का, की बाबांनो, या गृहस्थांचं काम सध्या कोण बघतंय?

समोरच्याला दोनच गोष्टी हव्या असतात: माझं काम आत्ता कोण करेल, आणि तुम्ही स्वतः कधी भेटाल. बाकी शुभेच्छा, दिलगिरी, सुटीतल्या समुद्रकिनाऱ्याचं वर्णन, सगळं कापा.

आधी तारखेचं बघू, कारण तारीख देणारे लोकही तिची माती करतात. आणि ती करणारा शब्द एकच, ‘पर्यंत’. ‘मी १३ मार्चपर्यंत रजेवर आहे.’ म्हणजे १३ला कामावर येणार, की १३ हा रजेचा शेवटचा दिवस? निम्मे लोक एक अर्थ घेतात, निम्मे दुसरा. त्यात २०२६मध्ये १३ मार्च येतो शुक्रवारी. शनिवार-रविवार सुटी असेल, तर माणूस खरा उगवणार सोमवारी, १६ तारखेला. वाचणारा मात्र शुक्रवारी सकाळी आठवण करणारा मेल टाकतो आणि तीन दिवस हात चोळत बसतो. रजा कधी संपते याच्याशी त्याला काही घेणं नाही. त्याला कामावर हजर होण्याचा दिवस सांगा, आणि वारासकट सांगा: ‘सोमवार, १६ मार्च रोजी कामावर परत येईन.’ वार लिहिला की तारीख टाइप करताना झालेली चूकही लगेच पकडली जाते. ‘पुढच्या सोमवारी’ तर मुळीच नको. तो मेल आज वाचला तर एक सोमवार, पाच दिवसांनी वाचला तर दुसराच.

आता त्याहून वाईट प्रकार, पर्यायी माणूस. ‘माझ्या टीमशी बोला’ हा पर्याय नव्हे. ‘माझ्या साहेबांना विचारा’ हाही बहुतेक वेळा नव्हे, कारण साहेबांना तुमच्या बिलाचा क्रमांकही ठाऊक नसतो. ते तुमच्याच परतीची वाट बघत बसतात. पर्याय म्हणजे पूर्ण नाव, ईमेल पत्ता आणि ती व्यक्ती नेमकं काय बघणार ते. तुमच्याकडे दोन प्रकारची कामं असतील तर दोन माणसं द्या, पण प्रत्येकापुढे त्याचं काम लिहा. नुसती दोन नावं टाकलीत तर लोक दोघांनाही मेल करतात, आणि पहिल्याला वाटतं दुसरा बघेल, दुसऱ्याला वाटतं पहिला बघेल.

नाव टाकण्याआधी त्या माणसाला विचारलंय का, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. दुसऱ्याच्या मेलमधूनच ‘अरे, मी पर्यायी संपर्क आहे होय!’ असा साक्षात्कार होणारे लोक प्रत्येक कार्यालयात सापडतात. निघण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. त्या तारखांना तो स्वतः रजेवर नाही ना? नाहीतर तुमचं उत्तर त्याच्याकडे पाठवतं, त्याचं उत्तर परत तुमच्याकडे, आणि मधला माणूस चेंडूसारखा टोलवला जातो. लागणाऱ्या फाइली आणि सामायिक मेलबॉक्स त्याला उघडता येतात ना? आणि मंजुरीचा अधिकार त्याला आहे ना? फाइल दिसते पण सही करता येत नाही, असा पर्याय म्हणजे फक्त सहानुभूतीचं केंद्र.

तर सोमवार ९ ते शुक्रवार १३ मार्च रजा असेल, तर सगळं मिळून एवढंच पुरतं:

‘मी रजेवर असून सोमवार, १६ मार्च रोजी कामावर परत येईन. तोवर मी मेल बघणार नाही. बिलं आणि पेमेंटसाठी: (पूर्ण नाव, ईमेल). नव्या ऑर्डरसाठी: (पूर्ण नाव, ईमेल). इतर मेलना १६ तारखेनंतर उत्तर देईन.’

‘मेल बघणार नाही’ हे लिहायला लोक का लाजतात कळत नाही. ‘मधूनमधून मेल पाहीन’ लिहिलंत की पर्यायी माणसाला कुणी विचारतच नाही, सगळे तुमच्या त्या मधूनमधूनची वाट बघतात.

मजकूर नीट लिहूनही गोची होते ती सेटिंगमध्ये. जीमेलच्या `Vacation responder`मध्ये `Last day` म्हणून रजेची शेवटची तारीख, १३, टाकली की शुक्रवारी रात्रीच उत्तरं बंद. शनिवार-रविवारी मेल करणाऱ्याला काहीच मिळत नाही. तिथे रविवार, १५ तारीख टाका आणि `First day` शनिवार, ७ ठेवा, म्हणजे आधीचा शनिवार-रविवारही झाकला जातो. आउटलुकच्या `Automatic Replies`मध्ये तारखेसोबत वेळही देता येते. तिथे ६ तारखेची संध्याकाळ ते १६ची सकाळ द्या. पण तिथे दोन मजकूर असतात, एक संस्थेतल्यांसाठी आणि एक बाहेरच्यांसाठी. लोक पहिला भरतात, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि ज्या ग्राहकासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाच उत्तर जात नाही. बाहेरच्या मजकुरात मात्र कुठे निघालात, का निघालात, खासगी नंबर काय, हे लिहू नका. हे उत्तर अनोळखी माणसालाही जातं.

आणि रजा वाढली तर? आउटलुकमध्ये एका पाठवणाऱ्याला हे उत्तर एकदाच जातं. ज्याला ‘१६ मार्च’ वाचायला मिळालं, त्याला तुम्ही नंतर बदललेली ‘१८ मार्च’ दिसणारच नाही. उत्तर एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलंत, तर ती यादी नव्याने सुरू होते. सोपा उपाय म्हणजे ज्यांची कामं अडली आहेत त्यांना पर्यायी माणसाकरवी नवी तारीख कळवणं. पण त्यासाठी त्याला ती आधी माहीत हवी ना!

उरले ते महाभाग, जे शेवटची तारीखच टाकत नाहीत. १६ला परत येतात, खुर्चीत बसून मेलला उत्तरंही देतात, आणि महिनाअखेरीस पहिल्यांदा मेल करणाऱ्याला यंत्र इमानेइतबारे सांगतं, की मी १६ मार्च रोजी परत येईन.