‘आपण’ म्हटल्याने मान वाढतो का? ऐरोलीच्या काकूंना उत्तर

“आपला लेख वाचला. वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’ पुरेसं आहे हे पटलं नाही. ‘तुम्ही’ तर आपण भाजीवाल्यालाही म्हणतो. हिंदीत ‘आप’ आहे, मग मराठीनेच मागे का राहायचं? माझ्या सुनेला मी ‘आपण’च म्हणायला शिकवलंय. असल्या लेखांनी मुलं आणखी उद्धट होतील.”
– एक वाचक, ऐरोली

काकू, सुरुवात तुमच्याच शब्दांपासून करतो. ‘आपला लेख’ म्हणजे माझा लेख. पुढे ‘आपण भाजीवाल्यालाही म्हणतो’ यातल्या ‘आपण’मध्ये तुम्ही आहात, मी आहे, सगळेच आहोत. दोन्ही बरोबर आहेत आणि वाचताना मी कुठेही अडखळलो नाही, कारण ‘म्हणतो’ या क्रियापदाने अर्थ सांगून टाकला. मला उद्देशून असतं तर तुम्ही ‘आपण म्हणता’ लिहिलं असतं. ‘आपण येऊ’ म्हणजे दोघं मिळून, ‘आपण याल’ म्हणजे समोरचा.

पण क्रियापद नेहमी असं मदतीला येत नाही. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत घडलेली गोष्ट सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना विजेच्या मीटरवरचं नाव बदलून घ्यायचं होतं. सेक्रेटरी तिशीतला, स्वभावाने फार नम्र. तो म्हणाला, “आजोबा, मंगळवारी आपल्याला अर्ज द्यायचाय. सकाळी अकराला.” मंगळवारी आजोबा कागदांची पिशवी घेऊन पावणेअकरापासून गेटवर उभे. त्यांना वाटलं, दोघांनी मिळून जायचंय. सेक्रेटरी तेव्हा ऑफिसला पोहोचलाही होता, कारण त्याने ‘आपल्याला’ म्हटलं होतं ते आजोबांना, मान देऊन. साडेबाराला आजोबा ऊन खाऊन वर आले. चूक कुणाचीच नव्हती. ‘द्यायचाय’ हे रूप ‘अर्ज’ या शब्दाप्रमाणे चालतं, कुणी द्यायचा ते त्यातून कळत नाही. ‘तुम्हाला अर्ज द्यायचाय’ म्हटलं असतं तर आजोबांनी तिथेच विचारलं असतं, “मी एकटाच जाऊ का?”

‘आपण फॉर्म भरला’ याचीही तीच गत. आपण दोघांनी भरला की समोरच्याने? शेवटी एक ‘त’ लावून ‘भरलात’ म्हटलं की शंका मिटते.

आता हिंदीचं. हिंदीत वडीलधाऱ्यांसाठी ‘आप’ आहे आणि ‘तुम’ त्याच्या खालचं, म्हणून वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘तुम’ म्हटलं तर ते खटकतं. मराठीतलं ‘तुम्ही’ मात्र त्या ‘तुम’च्या जागी बसत नाही. आपल्याकडे मान देण्याचं रोजचं काम ‘तुम्ही’च करतं. ठाण्या-नवी मुंबईतल्या मुलांच्या कानावर दिवसभर हिंदी असते, म्हणून त्यांना ‘तुम्ही’ हे ‘तुम’सारखं हलकं वाटायला लागलंय. याची खूण क्रियापदात सापडते. ‘आप कब आए’ डोक्यात ठेवून मुलं ‘आपण कधी आले?’ असं विचारतात. मराठीत ‘आपण कधी आलात?’ असं हवं. आपल्या भागात असा ‘त’ गळला की बहुतेक वेळा वाक्य हिंदीतून आलेलं असतं.

भाजीवाल्याला ‘तुम्ही’ म्हणतो हे खरंच, आणि ते योग्यच आहे. वडीलधाऱ्यांचा मान त्यापुढे जातो तो क्रियापदाने आणि सुराने. ‘पाणी द्या’, ‘पाणी द्या ना’, ‘पाणी द्याल का?’ तिन्हीकडे ‘तुम्ही’च आहे, पण सासऱ्यांशी तिसरं बोललं तर कुणाला उद्धट वाटेल? आणि आजीला तर आपल्यातले बहुतेक जण ‘तू’च म्हणत वाढलो. तिथे मान कमी होता असं मला तरी वाटत नाही.

‘आपण’ला मान आहेच, पण त्यात अंतरही आहे. लग्नपत्रिकेत ‘आपण सहकुटुंब यावे’ शोभतं. गडकरी रंगायतनला पडदा उघडण्याआधी ‘आपले मोबाइल बंद ठेवावेत’ ऐकायला बरं वाटतं. फोनवर अनोळखी माणसाला ‘आपण कोण?’ हेच विचारावं. तुम्ही मला ‘आपला लेख’ लिहिलंत तेही यातच बसतं, आपली ओळख नाही म्हणून. पण रोज एका ताटावर बसणाऱ्या सासऱ्यांना ‘बाबा, आपण जेवलात का?’ विचारलं की सून पाहुणी वाटते. ‘बाबा, तुम्ही जेवलात का?’ यात मानही आहे आणि घरही आहे. काही घरांत पिढ्यान् पिढ्या ‘आपण’ चालत आलंय, तिथे ते सहज येतं, ते मोडा असं मी म्हणणार नाही. सुनेला मुद्दाम शिकवावं लागलं, याचा अर्थ तिच्या कानाला ते घरचं वाटत नाही. एक दिवस तिला तिच्या मनाने बोलू द्या. ती ‘तुम्ही’ म्हणाली, तर तेव्हाचा तिचा आवाज ऐका.

तुम्ही वयाने माझ्यापेक्षा मोठ्या आहात, काकू, आणि हे सगळं उत्तर मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणूनच लिहिलंय. त्यात कुठे मान कमी पडला असेल, तर ते वाक्य मला नक्की दाखवा.