मला चालायचं नाही, उभं राहायचंय

शिक्षकाचा घसा बसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. लोक हळहळतात, गरम पाणी प्या म्हणतात, आवाज जपा म्हणतात. पाय मात्र दिवसभर बसत नाहीत, त्याबद्दल कुणालाच काही वाटत नाही. वर्गात खुर्ची असते, नाही असं नाही. पण ती हजेरीपट, वह्यांचा गठ्ठा आणि कुणाकडून तरी जप्त केलेला चेंडू ठेवण्यासाठी असते. शिकवताना खुर्चीत बसलेल्या शिक्षकाकडे मागच्या दोन बाकांवरची मुलं ज्या नजरेने बघतात, त्या नजरेला मी भिऊन आहे.

आता कुणी म्हणेल, त्यात काय, माणसं मैलोनमैल चालतात. चालतात ना! चालणं सोपं असतं. प्रत्येक पावलागणिक पोटरी आवळते, सुटते आणि पायात उतरलेलं रक्त वर ढकलते. फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची पोटरी नुसतीच ताणून धरलेली असते, ढकलत काही नाही. मग सगळं खाली साचतं आणि शेवटच्या तासापर्यंत पाय चक्क मोठा होतो. सकाळी मी जो पाय घेऊन शाळेत येते, तोच पाय संध्याकाळी घरी जात नाही. बूट मात्र तोच असतो.

या फुगणाऱ्या पायांना घालायला जगाने 'शोभेलसे' म्हणून जे काढलं आहे, ते म्हणजे निमुळत्या टोकाचे, उंच टाचेचे, चकचकीत काळे बूट. बूट करणाऱ्याने माणसाचा पाय लांबून, बहुधा धुक्यात पाहिला असावा. माणसाची बोटं पुढे त्रिकोण करून संपत नाहीत. करंगळीलाही कुठेतरी राहायचं असतं. त्यात टाच उंच केली की शरीराचा भार पुढे चवड्यावर सरकतो, म्हणजे ज्या ठिकाणी जागा सगळ्यात कमी, तिथेच गर्दी सगळ्यात जास्त. पहिल्या तासाला त्या बुटांत मी एखाद्या परिषदेत भाषण द्यायला आल्यासारखी दिसते. चौथ्या तासाला मी टेबलामागे हळूच एक टाच बाहेर काढून समीकरण सोडवत असते. टेबल पुढून उघडं असल्यामुळे पहिल्या बाकाला समीकरणापेक्षा टाचच जास्त समजते.

एकदम सपाट, पातळ तळाचे बूट हा त्यावरचा उपाय वाटतो. तोही नाही. त्यात फरशीचा सांधा न् सांधा तळपायाला वाचता येतो.

मग उरतात खेळाचे बूट. मऊ, गुबगुबीत, रंगीत. ते घालून गेलेल्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या पायांकडे बघून अत्यंत गोड आवाजात विचारलं, "मॅडम, आज क्रीडादिन आहे का?" तेही सोसलं असतं. पण दगा दिला तो मऊपणाने. पाय घातल्या घातल्या 'अहाहा' करायला लावणारा फोम एकाच जागी उभ्या माणसाखाली हळूहळू दबत जातो. चालताना पाय उचलला की त्याला फुगायला क्षणभर तरी मिळतो, उभ्याउभ्या तोही नाही. दुपारपर्यंत तो टाचेखाली चपटा होतो, आणि भुसभुशीत तळावर तोल सावरायला घोटा सारखा बारीक बारीक धडपडत राहतो, त्या थकव्याचा हिशेब वेगळाच.

या सगळ्यातून मला सोडवलं आमच्या पी.टी.च्या सरांनी. स्टाफरूममध्ये मी बूट काढून पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले होते. सर आत आले, पायांकडे न बघता बुटांकडे बघितलं, एक बूट उचलला आणि विचारलं, "बाई, हा कुणाच्या मापाचा घेतलात?"

"माझ्याच. ३७ नंबर. कायम तोच लागतो."

"कायम म्हणजे कधी मोजलंत?"

शाळेत असताना, असं उत्तर खरं होतं, पण एका शिक्षिकेने ते देणं बरं दिसलं नसतं. सरांनी दोन कोरे कागद फरशीवर ठेवले आणि मला त्यांवर उभं केलं. बसून नाही, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं. तेही शेवटचा तास संपल्यावर, पाय पुरेसे फुगलेले असताना. पेन्सिल सरळ उभी धरून त्यांनी दोन्ही पायांची कड आखली. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजलं, तर उजवा २४.१ सेंटीमीटर आणि डावा २४.७. माझं सगळ्यात लांब बोट अंगठा नसून त्याच्या शेजारचं आहे, ही माहितीही मला या वयात मिळाली.

"मोठ्या पायाचं माप धरायचं," सर म्हणाले. "लहान पायाच्या बुटात पातळ इनसोल घालता येतो. मोठ्या पायाचं बोट कापता येत नाही."

नंतरचं गणित मी गणिताची शिक्षिका असून सरांनीच केलं, हे जरा लागलं. युरोपीय नंबर म्हणजे बूट ज्या साच्यावर बनतो त्याची लांबी, सेंटीमीटरमध्ये, गुणिले दीड. म्हणजे ३७ नंबरचा साचा साधारण २४.७ सेंटीमीटरचा. माझा डावा पाय २४.७. म्हणजे सरकायला, फुगायला, बोटं हलवायला जागा शून्य. बोटापुढे साधारण १.२ सेंटीमीटर मोकळीक हवी. २४.७ आणि १.२ मिळून २५.९, त्याला दीडने गुणलं की ३८.८५. म्हणजे ३९. प्रत्येक कंपनीचा साचा थोडा वेगळा असतो, त्यामुळे ३९ हा शोध सुरू करायचा नंबर, संपवायचा नव्हे. त्यांनी पुढे माझा जुना बूट त्या आखणीवर उपडा ठेवला. करंगळी आणि तिची शेजारीण बुटाच्या कडेबाहेर, उघड्यावर आल्या होत्या. इतके दिवस 'बूट चावतो' म्हणून मी बुटाला बोल लावत होते. चावणार नाही तर काय करेल, त्याच्या तोंडात कोंबलं होतं मी!

संध्याकाळी दोन्ही कागद घडी करून पर्समध्ये टाकले आणि दुकान गाठलं. सकाळी बूट घेऊ नयेत, हेही सरांचंच. दुकानदाराने मनापासून दाखवायला सुरुवात केली. मी प्रत्येक बुटातला इनसोल बाहेर काढून त्यावर उभी राहत होते. पाय कुठूनही कडेबाहेर गेला की बूट परत. त्यानंतर बुटाची टाच मागून अंगठ्याने दाबायची. कागदाच्या पिशवीसारखी आत गेली तर उभं राहताना टाचेला आधार नाही. मग टोक आणि टाच धरून बूट वाकवायचा. चवड्याशी वाकला तर ठीक, कारण पायही तिथेच वाकतो. मध्येच घडी पडली तर नको. शेवटी धुणं पिळतात तसा पिळायचा. सहज पिळला गेला तरी नको. दुकानदार हे सगळं, स्वतःच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसं बघत होता.

एक जोडी या सगळ्यातून पार पडली. पुढून गोल, टाच रुंद आणि जेमतेम अडीच सेंटीमीटर उंच, लेसवाली. मी लेस बांधल्या आणि आरशासमोर उभी राहिले.

"चालून बघा ना, मॅडम," दुकानदार म्हणाला.

"मला चालायचं नाही. उभं राहायचंय."

"हो, पण चालल्याशिवाय कळणार कसं?"

"तुम्ही तुमचं काम करा. मी उभी आहे."

आणि मी उभी राहिले. सरांनी किमान दहा मिनिटं सांगितली होती. पहिल्या दोन मिनिटांत कुठलाही बूट गोड बोलतो, चुगली सुरू होते ती पाचव्या-सहाव्या मिनिटाला. दुकानात काही न करता नुसतं उभं राहणं किती अवघड असतं! एका गिऱ्हाईकाने मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण तिला वाटलं मी रांगेत आहे. दुसऱ्या बाईंनी मलाच विचारलं की लहान मुलांचे बूट कुठे मिळतील. सवयीने मी हात पुढे करून "डावीकडे, शांतपणे जा" असं सांगितलं आणि त्या खरोखर शांतपणे गेल्या. सातव्या मिनिटाला उजवी टाच किंचित निसटते आहे असं कळलं. साहजिक होतं, उजवा पाय लहान. लेस सगळ्यात वरच्या भोकातून ओवून आवळली, आत पातळ इनसोल घातला, आणि निसटणं थांबलं. डाव्या पायाला काहीच म्हणायचं नव्हतं. डावा पाय गप्प आहे, ही माझ्यासाठी नवी गोष्ट होती.

दिसण्याचा प्रश्न उरला होता, आणि तो वाटला त्याहून हलका निघाला. बुटाला शिष्टपणा येतो तो टोकामुळे किंवा टाचेमुळे नाही, हे माझं आता ठाम मत आहे. वरचं कातडं आणि तळ एकाच गडद रंगाचे असले, चकाकी नसली, बाजूला मोठं बोधचिन्ह नसलं आणि लेसही त्याच रंगाच्या असल्या की बूट डोळ्यात भरतच नाही. पांढरा जाडजूड तळ दिसला की क्रीडादिन सुरू होतो. पँटच्या लांबीकडे मात्र बघावं लागतं. टाच उतरली तेवढी पँट फरशी झाडू लागते, ती आखडून घेतली. मुख्याध्यापिकाबाई दोनदा समोरून गेल्या आणि पायांबद्दल काहीही बोलल्या नाहीत. याहून मोठं प्रमाणपत्र आमच्या शाळेत मिळत नाही.

पाय दुखायचे पूर्ण थांबले का? नाही. एकाच जागी तासभर उभं राहिलं तर कुठलाही बूट हात टेकतो, म्हणून मी आता लिहिताना भार एका पायावरून दुसऱ्यावर घेते, मुलं उदाहरण सोडवत असताना टाचा वर-खाली करते आणि वर्गात फिरत राहते. हे बूट सलग रोज घालत नाही, एक दिवस वाळू देते. आणि सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत कळ येणं रोजचंच होऊन बसलं तर दुकानात न जाता डॉक्टरांकडे जायचं, हीही सरांचीच सूचना.

एक भानगड राहिलीच. नवे बूट वाजत होते. प्रत्येक पावलाला बारीक 'कुई'. आत इनसोल तळाला घासून तो आवाज येत होता. इनसोल उचलून खाली चिमूटभर टाल्कम पावडर टाकली की आवाज थांबतो, हे मला ठाऊक होतं, पण कंटाळा केला. तेवढ्यात चाचणी परीक्षा आली. परीक्षेच्या आदल्या रात्री मी पावडर टाकली. दुसऱ्या दिवशी रुंद टाचेच्या, बिनआवाजी बुटांतून मी तिसऱ्या रांगेत शेवटच्या बाकामागे जाऊन उभी राहिले, तरी दोन जणांच्या कॉपीची देवाणघेवाण निवांत चालू होती.

परीक्षा संपल्यावर वर्गाचा मॉनिटर स्टाफरूमच्या दारात आला आणि फार आदबीने म्हणाला, "मॅडम, सगळे म्हणतायत, तुम्हाला आधीचे बूट जास्त छान दिसायचे."