सिलिकॉनवरचं काळं ब्लीचने जात नाही तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "तुमचं वाचून शॉवरच्या काचेखालच्या सिलिकॉनवर तीनदा ब्लीच स्प्रे केलं. काळं जसंच्या तसं. शेवटी वैतागून वरून टॉयलेट क्लीनर ओतला तर डोळे आणि घसा इतका झोंबला की पळत बाहेर आले. आता प्लंबर म्हणतो जुन्यावरच नवीन सिलिकॉन मारू, अर्ध्या तासाचं काम. असले अर्धवट सल्ले देत जाऊ नका."

ताई, सगळ्यात आधी त्या झोंबण्याबद्दल. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं आणि टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड, ही दोन एकत्र आली की क्लोरीन गॅस सुटतो. तो तुमच्या नाकातोंडात गेला. अजून खोकला येत असेल किंवा छाती जड वाटत असेल तर प्लीज आजच डॉक्टरांना दाखवा. ब्लीचवर ॲसिड, व्हिनेगर, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड, यातलं काहीच कधी टाकायचं नाही, आणि हे मी मूळ लेखात ठळक लिहायला हवं होतं. लिहिलं नाही ही माझी चूक आहे, मनापासून माफी मागतो. काल रात्रीच लेखात सगळ्यात वर ते टाकलंय.

आता काळं का गेलं नाही ते. स्प्रे केलेलं ब्लीच उभ्या किंवा तिरक्या रेघेवरून दोन मिनिटांत ओघळून जातं आणि बुरशीला मरायला तेवढा वेळ पुरत नाही. मी करतो ते असं की टिशू पेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या गुंडाळून वातीसारख्या करायच्या, पाणी न घालता ब्लीचमध्ये भिजवायच्या, त्या रेघेवर दाबून बसवायच्या आणि वरून किचनमधली क्लिंग फिल्म किंवा कापलेली प्लास्टिकची पिशवी चिकटवायची म्हणजे वाळत नाहीत. हातात ग्लोव्ह्ज, एक्झॉस्ट चालू, खिडकी उघडी, मुलांना आत सोडायचं नाही. ४-५ तासांनी काढून भरपूर पाण्याने धुवायचं, नळाच्या आणि काच ज्यात बसवलेली असते त्या चॅनलच्या धातूवर ब्लीच राहू द्यायचं नाही. आणि बाटलीची तारीख बघा हं, उन्हात किंवा उकाड्यात पडून राहिलेल्या ब्लीचचा जोर उतरलेला असतो.

पण हे सगळं नीट करूनही काळं राहू शकतं, आणि तुमच्याकडे बहुतेक तेच झालंय. बुरशी सिलिकॉनच्या वर असते तेव्हा ती साबणाच्या आणि अंगाच्या तेलाच्या थरावर जगत असते, ती ब्लीचने जाते. सिलिकॉनच्या मागे, म्हणजे सिलिकॉन आणि टाइलच्या मधल्या फटीत शिरलेली असेल तर ब्लीच तिच्यापर्यंत पोचतच नाही, कारण मधे सिलिकॉन आहे आणि त्यातून पाणी आरपार जात नाही. पारदर्शक सिलिकॉन असेल तर ते मागचं काळं तुम्हाला पुढूनच दिसतं आणि आपण वरून घासत बसतो.

गेल्या पावसाळ्यात बहिणीकडे डोंबिवलीला हेच झालं होतं. शॉवरच्या काचेखाली ॲल्युमिनियमचं चॅनल आणि त्याच्या कडेने सिलिकॉन. पट्ट्या लावून ठेवल्या, काढल्यावर जवळपास सगळी रेघ स्वच्छ, फक्त कोपऱ्याजवळची वीतभर तशीच काळी. तिथे आइस्क्रीमच्या काडीने दाबलं तर कडेतून काळपट पाण्याचा थेंब बाहेर आला. एवढं दिसलं की निर्णय झाला, ते सिलिकॉन सुटलंय, काढायचंच. कड नखाने उचलली जाते का तेही बघा, उचलली गेली तर तिथेही तेच. उलट रेघ घट्ट चिकटलेली आहे, दाबल्यावर काही येत नाही आणि नुसता फिकट डाग राहिलाय, तर काढायची घाई नको, तो फक्त डाग आहे, बुरशी मेलेली आहे.

प्लंबरदादांचं जुन्यावर नवीन मारायचं मात्र ऐकू नका. सुकलेल्या सिलिकॉनला काहीच नीट चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. काही दिवस पांढरंशुभ्र दिसेल, मग तो थर सालीसारखा निघेल आणि आतली बुरशी आत मजेत वाढत राहील. याच कारणाने आम्ही वीतभर तुकडाही बदलला नाही, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्खी बाजू काढली.

काढायला कटरने वरून एक आणि खालून एक चीर दिली, पट्टी ओढून काढली, उरलेलं प्लास्टिकच्या स्क्रॅपरने खरवडलं. वेळ या खरवडण्यातच गेला, दीड-दोन तास, कारण पातळ पापुद्रा जरी राहिला तरी नवीन तिथे सुटतं. बोट फिरवून रबरासारखं लागतंय का बघायचं. मग मोकळ्या फटीत ब्लीचची तीच पट्टी, धुणं, आणि मग वाळवणं. हे वाळवणंच लोक टाळतात. आम्ही त्या बाथरूममध्ये दोन दिवस कोणाला आंघोळ करू दिली नाही, टेबल फॅन बाहेर दारात ठेवून आत वारा सोडला. पावसाळी दमट हवेचं सिलिकॉनला वावडं नसतं, ते हवेतल्या ओलाव्यानेच सुकतं, पण फटीत पाणी असेल तर ते टाइलला धरतच नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं.

दुकानात नुसतं सिलिकॉन मागू नका, सॅनिटरी किंवा अँटी-फंगल लिहिलेली ट्यूब मागा, त्यात बुरशीनाशक असतं (तेही पाण्याबरोबर हळूहळू कमी होत जातं, कायमचं नाही). आणि संगमरवर असेल तर न्यूट्रल सिलिकॉनच घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं संगमरवराला खराब करतं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मधे एका दमात रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवायचं आणि ओलं असतानाच टेप ओढायची. वरून १५-२० मिनिटांत साय धरते म्हणून फसू नका, आत साधारण दिवसाला २-३ मिलिमीटर एवढंच सुकतं, त्यामुळे निदान २४ तास पाणी नको, जाड रेघ असेल तर दोन दिवस.

आणि एक, जे काढल्यावरच कळलं. बहिणीकडे चॅनलच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे सिलिकॉन मारलेलं होतं. चॅनलमध्ये थोडं पाणी शिरतंच, त्याला आत शॉवरकडे परत यायला वाटच नव्हती, ते तिथेच साचून कुजत होतं. म्हणून चॅनलवाल्या पार्टिशनला सिलिकॉन फक्त बाहेरच्या, कोरड्या बाजूने मारायचं. आम्ही आतली बाजू उघडीच ठेवली, तेव्हापासून तो कोपरा काळा झालेला नाही. तुमच्याकडे आतल्या बाजूलाही रेघ आहे का तेवढं बघा, आणि कोपऱ्याचा एक फोटो जमला तर टाका, मी बघून सांगतो.