वर्षात ५,२५,६०० सेकंद? आधी त्याचे दिवस करून पाहा

"एका वर्षात ५,२५,६०० सेकंद असतात. ७० वर्षं जगलात तर हातात फक्त ३,६७,९२,००० सेकंद. हा अचूक हिशोब आहे. गोल आकडे घेऊन गुणाकार करू नका, प्रत्येक पायरीला चूक वाढत जाते आणि शेवटी भलतंच उत्तर येतं. लीप वर्षामुळे तर अंदाज कधीच जुळत नाही. मुलांना सांगा, पुढे पाठवा."

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात हा मेसेज शाळेच्या, बचत गटाच्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर फिरतो आहे. मी संध्याकाळी गावातल्या अभ्यासिकेत गणित घेतो. तिथल्या एका मुलाने यातला पहिला आकडा वहीत चौकट करून, पाठ करायचं सूत्र म्हणून लिहून ठेवला होता. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पहिल्या आकड्यापासून सुरुवात करू. दिवसाचे २४ तास, तासाची ६० मिनिटं, मिनिटाचे ६० सेकंद, म्हणजे दिवसाचे ८६,४०० सेकंद. हे आपण गोल करून १ लाख धरू. एकावर पाच शून्यं, म्हणजे दहाचा पाचवा घात, १०^५. आता मेसेजमधल्या सव्वापाच लाखांना एका लाखाने भागा. पाचाच्या थोडं वर येतं. खरा दिवस लाखापेक्षा जरा लहान आहे, तेव्हा सहा दिवस धरा. फळ्यावर एवढं झालं तशी दहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, म्हंजे सोमवारी लागलेलं वर्ष शनिवारी संपून जाते?" हिशोब तिने बरोबर पकडला. ५,२५,६०० ही वर्षाची मिनिटं आहेत. ३६५ ला २४ ने आणि मग ६० ने गुणलं की हाच आकडा येतो. सेकंदांसाठी आणखी एकदा ६० ने गुणायचं राहून गेलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मेसेज लिहिणाऱ्याचा गुणाकार चुकलेला नाही. शेवटच्या शून्यापर्यंत बरोबर आहे. चुकली ती पायरी, आणि उत्तर साठपट लहान झालं. अशी चूक कॅल्क्युलेटर दाखवत नाही, कारण त्याला जेवढं सांगाल तेवढंच तो गुणतो. ती पकडली गेली एका गोल आकड्याच्या भागाकाराने, आणि त्याला कागदसुद्धा लागला नाही.

आता चूक वाढत जाते या म्हणण्याकडे येऊ. मेसेजमधला विचार करण्याजोगा मुद्दा हाच आहे, कारण तो अर्धा खरा आहे. वर्षाच्या सेकंदांसाठी ३,६०० × २४ × ३६५ असा गुणाकार आहे. प्रत्येक आकडा एका अंकावर आणा. ३,६०० चे ४,०००, २४ चे २०, ३६५ चे ४००. चार दुणे आठ, आठ चोक बत्तीस. शून्यं तीन, एक आणि दोन, मिळून सहा. उत्तर ३२ वर सहा शून्यं, म्हणजे ३ कोटी २० लाख, किंवा ३.२ × १०^७. खरा आकडा ३,१५,३६,००० आहे. फरक दीड टक्क्याचा.

पायऱ्यांमधल्या चुका मात्र लहान नव्हत्या. पहिला आकडा ११ टक्के फुगवला, दुसरा १७ टक्के घटवला, तिसरा पुन्हा १० टक्के फुगवला. तरी उत्तर जवळ आलं, कारण गुणाकारात एकीकडचा वाढावा दुसरीकडच्या तुटीने भरून निघतो. तीनही आकडे वरच ढकलले असते तर ४,००० × ३० × ४००, म्हणजे ४ कोटी ८० लाख आले असते. खऱ्याच्या दीडपट. तेव्हा चूक साचते ती सगळे आकडे एकाच बाजूला गोल केल्यावर. म्हणून मी मुलांना प्रत्येक गोल आकड्याशेजारी "वर" किंवा "खाली" लिहायला लावतो. सगळीकडे "वर" दिसलं की एखादा आकडा मुद्दाम खाली आणायचा.

याचंच एक उदाहरण मला फार आवडतं. दिवसाचे ८६,४०० सेकंद आहेत, त्याचे ९०,००० केले तर चूक जेमतेम चार टक्के. वर्षाचे दिवस ४०० धरले. दोन्ही नियमाप्रमाणे जवळच्या अंकावर नेलेले आकडे, पण गुणाकार येतो ३ कोटी ६० लाख, म्हणजे १४ टक्के जास्त. आता दिवसाचा सरळ १ लाख करा आणि वर्षाचे दिवस ३०० धरा. दोन्ही आकडे पहिल्यापेक्षा जास्त चुकीचे आहेत, पण एक वर गेला आहे आणि दुसरा खाली. गुणाकार ३ कोटी, म्हणजे ३ × १०^७, आणि चूक पाच टक्क्यांच्या आत. ३६५ चे ३०० करणं नियमाबाहेरचं वाटतं, मुलं हटकून विचारतात. दिवस १६ टक्के फुगवला म्हणून वर्ष १८ टक्के घटवलं, एवढंच त्याचं कारण. नियम पाळण्यापेक्षा चूक कुठल्या बाजूला चालली आहे ते बघणं इथे जास्त कामाचं आहे.

भौतिकशास्त्र शिकणारे वर्षाला π × १०^७ सेकंद धरतात. अर्ध्या टक्क्याच्या आत बसतं ते. पण हा निव्वळ योगायोग आहे, पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या कक्षेशी त्याचं नातं लावत बसू नका. लक्षात ठेवायला मात्र सोपं पडतं.

आयुष्याच्या हिशोबात घातांक चुकतात, तिथे थांबून काम करावं लागतं. ७० वर्षं म्हणजे ७ × १०^१, आणि वर्ष म्हणजे ३ × १०^७ सेकंद. सात त्रिक एकवीस. पाया सारखा आहे म्हणून घातांकांची बेरीज, एक आणि सात आठ. उत्तर २१ × १०^८, म्हणजे २१० कोटी. हेच नीट मांडायचं तर २.१ × १०^९. वह्या तपासताना दोन चुका सारख्या दिसतात. एक तर घातांक मिळवायच्या ऐवजी गुणतात, एक गुणिले सात सात, आणि २१ × १०^७ लिहून मोकळे होतात. दुसरी चूक २१ चे २.१ करताना होते. अंक दहापट लहान केला तर घात एकाने वाढवायला हवा, मुलं तो कमी करतात आणि २.१ × १०^७ वर येतात.

दोन्ही चुका उलट भागाकाराने उघड्या पडतात. वर्षाला ३ कोटी सेकंद. २१ × १०^७ म्हणजे २१ कोटी, भागिले ३ कोटी, सात वर्षं. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं आयुष्य दुसरीतल्या पोराएवढं झालं. २.१ कोटी तर वर्षभरही पुरत नाहीत. मेसेजमधल्या ३,६७,९२,००० ला हीच परीक्षा लावा. पावणेचार कोटींच्या आसपास, भागिले तीन कोटी, सव्वा वर्ष. सत्तर वर्षांचं माणूस सव्वा वर्षात आटोपलं. खुणेसाठी एक आकडा मनात ठेवा. १०० कोटी सेकंद म्हणजे साधारण ३२ वर्षं.

लीप वर्षाचा मुद्दा आता पाहू. सत्तर वर्षांत जादा दिवस येतात १७ किंवा १८, त्यांचे सेकंद १५ लाखांच्या आसपास. एकूण सेकंद २२० कोटी. हजारात एक भागसुद्धा होत नाही. आपण पाच टक्क्यांनी गोल केलेल्या आकड्यात हा फरक दिसणारच नाही. आणि मुळात "७०" हाच गोल आकडा आहे. कोणी ६९ वर्षं जगतो, कोणी ७१, आणि एका वर्षाने तीन कोटींचा फरक पडतो. अशा वेळी २,२०,७५,२०,००० असं दहा अंकी उत्तर लिहिलं तर त्यातले मागचे अंक कशाच्या भरवशावर लिहिले, हे कोणालाच सांगता येणार नाही. "सव्वादोनशे कोटींच्या आत" एवढंच आपल्याला खरोखर ठाऊक असतं.

शेतावरचं एक उदाहरण सोडवून दाखवतो. संत्र्याच्या बगिच्यातल्या टाकीचा कॉक गळतो, सेकंदाला एक थेंब. "एका थेंबानं का होते?" असं म्हणून लोक तसाच राहू देतात. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो, सलाईनच्या साध्या नळीतही हाच हिशोब असतो. वर्षाचे ३ × १०^७ थेंब, भागिले २०, म्हणजे १५ लाख मिलिलिटर. हजार मिलिलिटरचा लिटर, तेव्हा १,५०० लिटर. दोनशे लिटरचे साडेसात ड्रम. मेसेजमधला आकडा धरला असता तर वर्षभरात २६ लिटर आले असते, दोन बादल्यांच्या आत-बाहेर, आणि कॉक बदलायची कोणाला गरजही वाटली नसती. खरं-खोटं करायला गळतीखाली बादली ठेवा. चोवीस तासांत चार-साडेचार लिटर जमतील. थेंब लहान-मोठा असेल तर थोडं इकडे-तिकडे होईल, पण २६ लिटर भरायला वर्ष लागणार नाही, आठवडाही पुरे.

गोल आकड्यांना जिथे हात लावू नये, अशी जागाही आहे. परीक्षेत ३.१५ × १०^७ आणि ३.१६ × १०^७ हे पर्याय शेजारी दिले आणि विचारलं की लीप वर्षाचे सेकंद कोणते, तर पाच टक्क्यांचा अंदाज तिथे काहीच ठरवू शकत नाही, कारण दोन पर्यायांतला फरकच टक्क्याच्या तिसऱ्या भागाएवढा आहे. जवळच्या दोन आकड्यांची वजाबाकी असेल तिथेही हेच होतं, गोल करताना नेमका तो फरकच पुसला जातो. असा प्रश्न आला तर ८६,४०० ला ३६६ ने सरळ गुणावं, ३,१६,२२,४०० येतात.